आजारपणानंतरची सप्तपदी: काय बोलायचं, काय गाळायचं

मोठ्या आजारपणातून बाहेर आलेली जोडपी पुन्हा सप्तपदी करतात, तेव्हा बहुतेकदा लग्नातलीच संहिता जशीच्या तशी म्हटली जाते. मला ते पटत नाही. मूळ मंत्रात वर वधूला सांगतो, ‘इष एकपदी भव’, आणि ती चालते. वर्षभर एकाने दुसऱ्याची शुश्रूषा केली असेल तर दोघांनीही बोललं पाहिजे. सात पावलांचा क्रम मात्र जुनाच ठेवा: अन्न, बळ, धन, सुख, प्रजा, ऋतू, सख्य. तो आजारपणानंतरच्या घराला चपखल बसतो.

प्रत्येक पावलाला प्रत्येकाचं एकच वाक्य, तेही करता येण्याजोगं. समजा, नवऱ्याची केमोथेरपी संपली आहे. अन्नाच्या पावलाला तो म्हणेल, “वर्षभर माझं पथ्याचं तू रांधलंस. आता रात्रीची खिचडी माझ्याकडे.” बळाच्या पावलाला, “दम लागला तर लपवणार नाही.” त्यावर ती, “मी थकले तर मीही बोलून दाखवीन.” धनाच्या पावलाला दोघं मिळून, “उपचाराचं कर्ज दोघांचं. दर एक तारखेला वही एकत्र उघडू.”

संहिता बिघडते ती बहुधा आभारांमुळे. “तू माझ्यासाठी किती केलंस” हे सातही पावलांना आलं की आजारी माणूस ऋणको होतो आणि जोडीदार अवघडतो. आभार फक्त पहिल्या पावलाला, पुढे नाही. “आता काही होणार नाही” हेही नको, कारण पुढच्या तपासणीचा निकाल कुणाच्याच हातात नसतो. पाचव्या पावलाचा मजकूर आधी दोघांनी बसून ठरवा. उपचारांमुळे मूल होण्याची शक्यता गेली असेल तर ‘प्रजाभ्यः’चा अर्थ सर्वांसमोर उलगडून सांगणं क्रूर आहे. तिथे वेळीअवेळी डबा घेऊन आलेल्या माणसांची नावं घ्यावीत.

मांडणीचंही बघा. केमोनंतर काहींच्या तळपायांना बधिरपणा येतो, तांदळाच्या राशीवर पाऊल घसरतं. अशा वेळी दोघांनी शेजारी बसावं, समोर पाटावर सात राशी मांडाव्यात आणि दोघांनी मिळून एक सुपारी राशीराशीवरून पुढे न्यावी. होमाचा धूर नको, समई पुरते. मजकूर मोठ्या अक्षरांत, दोन प्रतींत लिहा. एक प्रत शेजारी बसलेल्या कुणाकडे द्या, म्हणजे कंठ दाटला तर पुढचं वाक्य हळूच सांगता येतं. सगळं मिळून दहा मिनिटांच्या आत उरकावं, तेवढा वेळ ताठ बसणंही जड जाऊ शकतं.

एक कायद्याची गोष्ट. लग्न टिकून असेल तर हा घरगुती सोहळा, नोंदणी लागत नाही. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला असेल तर मात्र रीतसर पुन्हा लग्नच करावं लागतं.

सातव्या पावलाला, ‘सखा सप्तपदी भव’, नवं वचन नको. दोघांनी एकमेकांचं नाव घ्यावं, उखाण्यात, आणि ती सुपारी देवघरात ठेवावी.