पीएलसी इंटरव्ह्यूचे ‘पाठ करा, नोकरी पक्की’ प्रश्न: प्लीज हे पाठ करू नका

“डिप्लोमावाल्यांनो, पीएलसी टेक्निशियनच्या इंटरव्ह्यूला हेच प्रश्न येतात, पाठ करा, नोकरी पक्की! १) पीएलसीचा शोध सीमेन्सने १९५८ ला लावला. २) पीएनपी आणि एनपीएन सेन्सर सारखेच, वायरी उलट्या केल्या की चालतात. ३) स्टॉप बटण एनसी असतं म्हणून लॅडरमध्येही एनसी कॉन्टॅक्ट टाकायचा. ४) इमर्जन्सी स्टॉप पीएलसीच्या इनपुटला द्यायचा, बाकी सगळं प्रोग्राम बंद करतो. ५) मशीन अडकलं की आधी लॅपटॉप लावून आउटपुट फोर्स करून बघायचा.”

हे फॉरवर्ड माझ्या भाच्याकडे आलं. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालाय, चाकणला इंटरव्ह्यू आहे, आणि पठ्ठ्या मला फोनवर हे घडाघडा म्हणून दाखवत होता. मी मेंटेनन्समध्ये आहे, मुलांचे इंटरव्ह्यू घेतो, आणि यातली दोन उत्तरं अशी आहेत की नोकरी जाऊ दे, माणसाचा हात जाईल. म्हणून लिहितोय.

पहिलं पटकन. १९५८ साली सीमेन्सने सिमॅटिक हे नाव नोंदवलं, एवढं खरं आहे, पण ती वायरिंग करून बांधलेली लॉजिकची कार्डं होती, प्रोग्राम बदलता येणारी वस्तू नव्हे. जनरल मोटर्सने १९६८ ला रिले पॅनेलला पर्याय मागितला, त्यातून डिक मॉर्ली आणि त्याच्या बेडफर्ड असोसिएट्समधल्या मंडळींनी मोडिकॉन ०८४ केला, तो पहिल्या पीएलसींपैकी मानतात. हे चुकलं तरी कुणी मरत नाही, पुढे चला.

दुसरं. थ्री वायर सेन्सरची ब्राऊन वायर चोवीस व्होल्टला, ब्लू झिरोला, ब्लॅक म्हणजे आउटपुट. पीएनपीने जॉब बघितला की ब्लॅकवर चोवीस व्होल्ट येतात, एनपीएनने बघितला की ब्लॅक झिरोला ओढली जाते. ब्राऊन-ब्लू उलट्या करून हा स्वभाव बदलत नाही, सेन्सर नुसता बंद राहतो, आणि आत उलट्या पोलॅरिटीचं प्रोटेक्शन नसेल तर जातोसुद्धा. बदलायचं असतं ते इनपुटचं कॉमन: एस७-१२०० ला पीएनपीसाठी 1M झिरोला, एनपीएनसाठी चोवीसला. मित्सुबिशी एफएक्स३यू ला तेच काम S/S टर्मिनलवर होतं. म्हणजे कार्ड दोन्ही घेणारं असेल तर दोन्ही सेन्सर चालतात हे खरं, पण एका कॉमनवर दोन्हींची भेसळ चालत नाही. साइटवर ओळखायची खूण सोपी आहे, सेन्सरचा स्वतःचा एलईडी लागतो आणि कार्डावरचा इनपुट एलईडी लागत नाही, की आधी वायर तुटलीय का ते बघा, नसेल तर टाइप आणि कॉमन बघा.

आता तिसरं, आणि इथे मला खरंच राग येतो. हा प्रश्न मी स्वतः विचारतो आणि निम्मी मुलं हेच उत्तर देतात. नीट बघा. स्टॉप बटण बाहेर एनसी जोडलंय, म्हणजे न दाबता चोवीस व्होल्ट बटणातून I0.1 वर येतात, एलईडी लागलेला आहे, बिट १ आहे. लॅडरमधला एनसी कॉन्टॅक्ट बिट ० असतानाच पुढे सोडतो. म्हणजे तुमचा स्टॉपचा कॉन्टॅक्ट कायम तुटलेला, स्टार्ट कितीही दाबा मोटर लागणार नाही. आणि स्टॉप दाबून धरून स्टार्ट दाबलं तर लागते! स्टॉप सोडलं की बंद. हे उत्तर पाठ करणाऱ्याने एकदा तरी सिम्युलेटरवर चालवून बघितलंय का?

बाहेर एनसी असेल तर आत साधा एनओ कॉन्टॅक्ट, कारण कॉन्टॅक्ट बटणाचा नसतो, बिटचा असतो. लॅडरची ओळ अशी:

```
|--+--[ START ]--+--[ STOP ]--[ ES_OK ]--( MOTOR )--|
   |             |
   +--[ MOTOR ]--+
```

START I0.0, STOP I0.1, MOTOR Q0.0. ES_OK कशाला ते चौथ्या मुद्द्यात येतं.

खरा धोका पुढेच आहे. मुलाला कळतं की मोटर लागत नाहीये, मग तो लॅडर तसंच ठेवतो आणि बाहेरचं बटण एनओ करून टाकतो. आता सगळं सुरळीत चालतं, स्टार्टने लागते, स्टॉपने थांबते, ट्रायलला सही होते. सहा महिन्यांनी व्हायब्रेशनने बटणाच्या मागचा स्क्रू ढिला होतो आणि वायर निसटते, आणि कुणालाच कळत नाही, कारण एनओ बटण न दाबता तसंही ० देतं आणि वायर निसटल्यावरही ०. कळतं कधी, तर ऑपरेटर घाईने स्टॉप दाबतो आणि मशीन चालूच राहतं तेव्हा. एनसी जोडलेलं असतं तर वायर निसटताक्षणी I0.1 शून्य झाला असता, मोटर थांबली असती, ब्रेकडाऊन आला असता आणि अर्ध्या तासात वायर सापडली असती. मशीन उगाच थांबलं तरी चालेल, थांबवता आलं नाही असं होता कामा नये. इंटरव्ह्यूमध्ये पुढचा प्रश्न हमखास येतो, “स्टॉपची वायर तुटली तर काय होईल?” तिथे वरचा सगळा प्रसंग क्रमाने सांगा, व्याख्या सांगू नका. आणि पॅनेलवर तपासायचं कसं विचारलं तर सांगा: बटण न दाबता I0.1 चा एलईडी लागलेला दिसला पाहिजे.

चौथं उत्तर सगळ्यात घातक. वरचं एनसी बटण वायर तुटली तर सांभाळतं, पण पुढे काय? समजा Q0.0 रिले आउटपुट आहे आणि कॉइलच्या करंटने कॉन्टॅक्ट चिकटलाय. किंवा ट्रान्झिस्टर आउटपुट आहे आणि तो शॉर्ट झालाय, ट्रान्झिस्टर बहुतेकदा शॉर्टच होतात. इमर्जन्सी दाबली, इनपुट शून्य झाला, प्रोग्रामने Q0.0 शून्य केला, कार्डावरचा एलईडीसुद्धा विझला, आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर चोवीस व्होल्ट तसेच. प्रोग्राम अगदी बरोबर आहे आणि मोटर फिरतेय. मशीनच्या इलेक्ट्रिकल सेफ्टीचं आयईसी ६०२०४-१ काढून वाचा, इमर्जन्सी स्टॉप कॅटेगरी ० किंवा १ चाच हवा असं तिथे आहे. ० म्हणजे मोटरची पॉवर ताबडतोब तोडायची, १ म्हणजे आधी ब्रेक करून थांबवायचं आणि मग पॉवर तोडायची. दोन्हीत शेवटी पॉवर जाते. साध्या पीएलसीचं एक आउटपुट ‘बंद’ म्हणालं, यावर ते सोडता येत नाही.

मग जोडायचं कसं, हे सांगता आलं की समोरचा माणूस सरसावून बसतो. लाल मशरूम बटणाला दोन एनसी कॉन्टॅक्ट असतात, ते सेफ्टी रिलेच्या दोन वेगवेगळ्या चॅनेलला जातात. सेफ्टी रिलेचे आउटपुट कॉन्टॅक्ट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या सप्लायमध्ये सिरीजमध्ये येतात, म्हणजे Q0.0 चिकटला तरी कॉइलपर्यंत काही पोचतच नाही. मोटरच्या पॉवर लाइनमध्ये दोन कॉन्टॅक्टर एकापाठोपाठ लावतात, एक वेल्ड झाला तर दुसरा तोडतो. आणि त्या दोन्हींचे एनसी ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट सेफ्टी रिलेच्या रिसेट सर्किटमध्ये सिरीजमध्ये घालतात. हे मुलं विसरतात. एक कॉन्टॅक्टर वेल्ड झाला तर त्याचा ऑक्झिलरी जोडलाच जाणार नाही, रिसेट लागणारच नाही, आणि बिघाड दुसरा कॉन्टॅक्टर जायच्या आधी सापडेल. मेंटेनन्सवाला “रिसेट घेत नाही” म्हणून ते दोन पॉइंट जंपर करतो तेव्हा तो नेमकं हेच मारतो. असा जंपर मी एका पॅनेलमध्ये हाताने काढलाय, वर व्यवस्थित फेरूलसुद्धा लावलेली होती.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. इमर्जन्सीची खबर पीएलसीला द्यावीच लागते. समजा नाही दिली. मोटर चालू आहे, बटण दाबलं, सेफ्टी रिलेने कॉइलचा सप्लाय तोडला, मोटर थांबली. पण पीएलसीला पत्ताच नाही, STOP चा बिट १ आहे, MOTOR ची लॅच तशीच धरलेली, Q0.0 चालू. माणूस आत हात घालून अडकलेला जॉब काढतो, दुसरा कुणीतरी मशरूम फिरवून वर काढतो, रिसेट दाबतो, आणि मोटर कुणी स्टार्ट न दाबता सुरू होते. त्याच स्टँडर्डमध्ये स्पष्ट आहे की इमर्जन्सी रिसेट केल्याने मशीन आपोआप सुरू होता कामा नये. म्हणून सेफ्टी रिलेचा एक ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट पीएलसीला देतात, तोच वरच्या लॅडरच्या ओळीतला ES_OK. तो लॅच तोडतो, स्क्रीनवर अलार्म देतो, बस्स. तोडायचं काम वायरिंगचं, पीएलसीला फक्त निरोप. सेफ्टी पीएलसी असेल तर इमर्जन्सी इनपुटलाच येते हेही खरं, पण ते फेलसेफ इनपुट कार्ड असतं, दोन चॅनेल तपासणारं, आणि पुढे आउटपुटही फेलसेफच असतं. फॉरवर्डमध्ये त्याबद्दल अक्षर नाही.

पाचवं, फोर्स. चालत्या लाइनवर आउटपुट फोर्स केला की लॅडरमधले इंटरलॉक बाजूला पडतात, गार्ड उघडा असला तरी सिलेंडर पुढे येतो. “Q0.0 चा एलईडी लागलाय पण मोटर लागत नाही” असा प्रश्न आला तर लॅपटॉपचं नाव आधी घेऊ नका. एलईडी लागला म्हणजे लॉजिक झालं, पुढचं मल्टिमीटरने. आधी आउटपुट टर्मिनलवर चोवीस व्होल्ट आहेत का? नसतील तर आउटपुटचं कॉमन, फ्यूज किंवा कार्डाचा रिले. असतील तर सेफ्टी रिलेच्या पुढे येतात का? येत असतील तर ओव्हरलोडचा ९५-९६ बघा, ट्रिप झालेला असेल तर तिथेच तुटलं. मग कॉन्टॅक्टरचा A1-A2. तिथे व्होल्टेज आहे आणि कॉन्टॅक्टर ओढत नाही, तर कॉइल गेली. ओढतोय पण मोटर नाही, तर पॉवर साइडला जा, तिन्ही फेज मोजा. आणि ओव्हरलोड ट्रिप सापडला तर नुसता रिसेट मारला असं सांगू नका. का ट्रिप झाला, क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट घेऊन मोटरच्या नेमप्लेटशी ताडून बघितला, एवढं सांगा, कारण पुढचा प्रश्न तोच असतो.