वड्याचा भाव वाढवा, बिनधास्त!

समजा, दादर स्टेशनबाहेर तुमची वडापावची गाडी आहे. 15 रुपयांना एक, रोज 400 खपतात, गल्ला 6000. मेहुणा म्हणतो, "भाव 18 करा दाजी, 400 गुणिले 18, सरळ 7200!" मेहुण्याचं जरूर ऐका. त्याचा गुणाकार पक्का आहे. ते 400 जण उद्याही येतील का, एवढंच त्याने कुणाला विचारलेलं नाही.

6000 ला 18 ने भागायच्या फंदात तर पडूच नका. उत्तर येतं 333 आणि वर थोडं. म्हणजे 334 खपले तर गल्ला 6012, 333 खपले तर 5994. एवढ्या सरळ हिशेबाने धंद्यातली मजाच जाते.

त्यापेक्षा बारावी कॉमर्सच्या भाच्याला बोलवा. तो सांगेल मागणीची लवचिकता: खप जितके टक्के घटला त्याला भाव जितके टक्के वाढला त्याने भागायचं. उत्तर 1 पेक्षा कमी आलं तर गल्ला वाढतो, जास्त आलं तर घटतो. भाव 20 टक्के वाढला. पहिल्या दिवशी 328 वडापाव गेले, म्हणजे खप 18 टक्के घटला. उत्तर 0.9. पेढे वाटा!

पेढे वाटून झाले की गल्ला मोजा. 5904. भाच्याला ओरडू नका, नियम खरा आहे, पण तो बारीकशा भाववाढीचा. 3 रुपयांच्या उडीला टक्के जुन्या आकड्यावर न काढता जुन्या-नव्याच्या सरासरीवर काढावे लागतात. भाव 16.5 वर 3, म्हणजे 18.2 टक्के. खप 364 वर 72, म्हणजे 19.8. आता उत्तर 1.09 आणि गल्ल्याशी त्याचं पटतं.

"वडापाव काय मुंबईकर सोडतोय?" असं छातीठोक म्हणा. वडापाव तो सोडत नाहीच, तुमची गाडी सोडतो. समोरच्या गाडीवर अजून 15 च आहेत ना! तेल-बटाटा महागून सगळ्या गाड्यांनी एकदम 18 केले असते, तर गिऱ्हाईक कुरकुरलं असतं आणि बहुतेकांनी खाल्लंच असतं. तुम्ही एकट्याने केलेत. शिवाय पहिला दिवस सवयीचा असतो. समोरची चटणीही बरी आहे हे कळायला लोकांना आठवडा लागतो. तोवर 328 लाच कायमचं धरून चाला.

एक आशा आहे म्हणा. गल्ला 96 रुपयांनी घटला, तरी 72 वडापावांचं बेसन, बटाटा, पाव, तेल वाचलं, म्हणजे नफा वाढलाही असता. पण त्यासाठी तळायचे 328 च होते. मेहुण्याच्या भरवशावर तुम्ही 400 तळलेत.

उरलेले 72 थंड वडे त्याच्याच घरी पोचवा. भाव 18 च लावा, घासाघीस नको.