"प्रकृती अस्वास्थ्यामुळे" हा शब्द कोणी काढला त्याला एकदा भेटायचंय

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांब होईल, कंटाळा आला तर सोडून द्या.

सकाळी डिफॉल्टर लिस्ट लागली. ७५ टक्क्यांच्या खाली ज्यांची हजेरी ती सगळी पोरं. अकरापासून ऑफिसच्या खिडकीवर अर्जांचा ढीग आणि सगळे अर्ज एकच! बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे फॉर्मॅट सेव्ह आहे, वीस रुपयात नाव बदलून देतो. "प्रकृती अस्वास्थ्यामुळे व काही अपरिहार्य कौटुंबिक कारणास्तव मी काही दिवस महाविद्यालयात उपस्थित राहू शकलो नाही, तरी रजा मंजूर करावी ही नम्र विनंती." काही दिवस म्हणजे किती बाबा? आणि दिवस होऊन गेले, आता रजा कसली मंजूर करायची? रजा आधी मागतात. नंतर मागायची ती गैरहजेरीची माफी.

९६ साली मीही हेच केलं होतं. वडिलांचा पाय मोडला, पंधरा दिवस बैलांचं वैरणपाणी माझ्याकडे. गाईडातनं अर्ज उतरवला, प्रकृती अस्वास्थ्यामुळे वगैरे. प्राचार्यांनी बोलावलं, वरून खालपर्यंत बघितलं, म्हणाले प्रकृती तर ठणठणीत दिसतेय तुझी. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तर आज एस.वाय.चा एक पोरगा, तोच अर्ज घेऊन. आमच्या सहकाऱ्याने हसून परत केला, तारखा नाहीत म्हणून. (हसायचं काय त्यात? त्या खुर्चीत बसलं की माणसाला काय होतं देव जाणे.) मी विचारलं, खरं काय झालेलं? त्याने मोबाईल पुढे केला. झेरॉक्सवाल्याला पाठवलेले पॉइंट्स होते -

- ७ ते १६ जुलै डेंगी, ४ दिवस ॲडमिट
- २८ जुलै एसटी बंद पडली
- ३१ आणि १ ऑगस्ट आजीचं वर्षश्राद्ध, गावी
- केमिस्ट्रीची २ प्रॅक्टिकल गेली
- मॅडम खूप चिडल्यात

अरे सोनं होतं की हे! सगळं होतं त्यात, आणि त्या दुकानात त्याचं भजं झालं.

जेवणाच्या सुट्टीत त्याला बसवलं, कोऱ्या कागदावर. मॅडम चिडल्यात हे पहिलं उडवलं. एसटीही उडवली, एका दिवसाने टक्का हलत नाही आणि वाचणाऱ्याला वाटतं पोरगं कारणं गोळा करतंय. वर्षश्राद्ध ठेवलं पण शेवटी, एका ओळीत, "याचा पुरावा नाही" असं सरळ लिहून. विषयाच्या ओळीतच तारखा घातल्या: "७ ते १६ जुलै या काळातील गैरहजेरी आजारपणामुळे क्षमापित करण्याबाबत". दहा दिवस, मधला रविवार सोडून नऊ.

मग डॉक्टरांचं सर्टिफिकेट बघितलं तर ते ९ जुलैपासून! अर्ज इथेच मार खातात. अर्जात ७, कागदावर ९, संपलं, खोटं बोलतोय म्हणून शेरा. पोरगा घाबरला, म्हणे सर ९ च करू का. म्हटलं नाही, जे झालं ते लिही. "७ व ८ जुलै रोजी ताप असल्याने घरीच होतो, ९ ते १२ रुग्णालयात दाखल होतो, त्यानंतर १६ पर्यंत डॉक्टरांनी विश्रांती सांगितली." डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स सोबत. मला तेव्हा एवढंच कोणी सांगितलं असतं, की वडिलांचा पाय मोडला असं लिही!

शेवटी मागणी दोन वाक्यांत. गैरहजेरी माफ व्हावी, आणि राहिलेली दोन प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचबरोबर करू द्यावीत. हे दुसरं कोणीच मागत नाही, मग टर्म एन्डला जर्नलवर सही अडते आणि आमच्या नावाने शिमगा.

बरं, फॉर्मॅट लागतो, मान्य. प्रति, मा. प्राचार्य, विषय, महोदय, खाली सोबत जोडलेल्या कागदांची यादी, डावीकडे तारीख, हे सगळं फाईलला लागतं. आणि चारशे अर्ज वाचणाऱ्या माणसालाही जीव आहे, तेही मान्य. पण म्हणून मधला मजकूर पण भाड्याने आणायचा?

वर्गशिक्षकांची शिफारस घेऊन मगच आण म्हटलं, थेट प्राचार्यांकडे गेला की कागद फिरून खालीच येतो. आणि दोन प्रती, एकीवर आवकचा शिक्का मारून स्वतःकडे ठेव, नंतर अर्ज सापडत नाही म्हणणारे आम्हीच असतो.

चार वाजता शिक्का मारून दिला. माफी मिळेल की नाही माहीत नाही, तो अधिकार वरचा, आणि मिळाली तरी त्या दिवसांची हजेरी काही लागत नाही, हे पण सांगितलं त्याला.

जाताना म्हणाला, सर खाली "आपला आज्ञाधारक" लिहायचंच राहिलं. म्हटलं राहू दे.

तेव्हा प्राचार्यांनी माझा अर्ज फाडला नव्हता. मागच्या बाजूला स्वतःच्या पेनाने लिहिलं होतं, "वडिलांचा अपघात. पंधरा दिवस." आणि खाली सही. तो कागद अजून आहे घरी, ट्रंकेत.