बाग नसलेल्या झाडवेड्या माणसाला काय द्यावं?

वाढदिवसाला, गृहप्रवेशाला झाड द्यायची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. मला ती मनापासून आवडते. पण दिलेली कितीतरी झाडं महिन्या-दोन महिन्यांत मरतात आणि घेणाऱ्याला वाटतं, आपल्या हाताला गुण नाही. माझं ठाम मत आहे की बहुतेक वेळा चूक झाड निवडणाऱ्याची असते. माणसाची आवड बघून झाड घेतलं जातं, त्याची खिडकी कोणी बघतच नाही.

माझ्या मावसबहिणीचं उदाहरण सांगते. ती नर्स आहे, ड्यूटीच्या वेळा सतत बदलतात. घर ठाण्यात, चौथ्या मजल्यावर. खिडकी उत्तरेला आणि समोर दुसरी इमारत. झाडांची प्रचंड हौस. तिला कोणीतरी तुळस दिली होती. तुळशीला रोज चार-पाच तास थेट ऊन लागतं, ते तिथे येणार कुठून? तुळस गेली आणि तिला ते फार लागलं. दुसऱ्या कोणी रंगीत खडे घातलेल्या काचेच्या बाऊलमधली सक्युलंट्स दिली. ही "काही करावं लागत नाही" म्हणून विकली जातात. पण कमी उजेडात ती लांबुडकी, फिकट होतात, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत, त्यात बाऊलला भोक नसलं की, बुडाशी सडतात.

मी तिच्याकडे गेले तेव्हा दुपारी बाराच्या सुमारास खिडकीत पांढरा कागद ठेवला आणि वर फूटभर अंतरावर हात धरला. सावली ठळक, काठ स्पष्ट असले तर उजेड भरपूर. पुसट सावली म्हणजे मध्यम. सावली जवळजवळ दिसलीच नाही तर उजेड कमी. तिच्याकडे जेमतेम पुसट सावली पडली. म्हणून तिला झीझी प्लांट द्यायचं ठरवलं. हे पूर्व आफ्रिकेतलं झाड, मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात आणि त्यांत पाणी साठलेलं असतं. ती दोन आठवडे पाणी घालायला विसरली तरी त्याचं काही बिघडत नाही. स्नेक प्लांटही इथे चाललं असतं.

पण झाड नर्सरीतून आणून तसंच हातात ठेवू नका, ही माझी खरी विनंती. आपल्याकडे बरीच रोपं काळ्या पिशवीत, चिकट लाल मातीत येतात. ती माती वाळली की ढेकूळ होते, पाणी कडेने वाहून जातं, मुळं कोरडीच राहतात. आणि ओली झाली की लवकर सुकत नाही. कुंडी बदलायचं काम भेट घेणाऱ्यावर टाकू नये, ते आपणच करून द्यावं.

मी सहा इंची मातीची कुंडी घेतली. दोन भाग बागेची माती, एक भाग जाडसर नदीची रेती, एक भाग गांडूळखत. कोकोपीट मुद्दाम टाळलं, ते पाणी धरून ठेवतं आणि या झाडाला तेच नको असतं. भोकावर फक्त खापराचा तुकडा. तळाशी खड्यांचा थर घालायची गरज नाही, त्याने पाणी लवकर निघतं हा समज चुकीचा आहे. लाल माती मुळांवरून हलक्या हाताने झाडली, रोप लावलं आणि काही दिवस पाणी न घालता ठेवलं, म्हणजे दुखावलेली मुळं भरून येतात. मग तिला दिलं.

सोबत विझलेल्या उदबत्तीच्या काड्या दिल्या. काडी मातीत कुंडीच्या तळापर्यंत खुपसायची. ओली माती चिकटून आली तर पाणी नाही. काडी कोरडी निघाली तरच, आणि तेव्हा भोकातून निथळेपर्यंत भरपूर. बशीत साठलेलं पाणी लगेच ओतून टाकायचं, डेंग्यूचे डास अशाच पाण्यात वाढतात. पावसाळ्यात दोन पाण्यांमध्ये तीन आठवडे सहज जातात.

पाणी जास्त झाल्याचंही तिला ओळखता येतं. एखादं जुनं खालचं पान पिवळं पडलं तर काळजी नाही. पण एकापाठोपाठ देठ पिवळे होऊन बुडाशी मऊ लागले तर पाणी थांबवून झाड उपसायचं, सडलेला कंद कापून टाकायचा आणि कोरड्या मातीत पुन्हा लावायचं. देठांवर सुरकुत्या पडल्या तर मात्र झाड तहानलेलं आहे.

एक अट पाळा. घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर झीझी, स्नेक प्लांट, मनी प्लांट यांपैकी काहीच देऊ नका. पानं चावली की तोंडाची आग होते, उलट्या होऊ शकतात. तिथे स्पायडर प्लांट द्या. ते विषारी नाही. त्याला उजेड थोडा जास्त लागतो, म्हणून खिडकीच्या अगदी जवळ, टांगत्या कुंडीत छान राहतं. पानांची टोकं करपली तर कात्रीने छाटायची, बाकी झाड ठीकच असतं.