कुंडीचा हात आतून पोकळ का दिसला

ग्राहकाचा रीव्ह्यू: "60 टक्के इन्फिल सांगितलं होतं, 20 टक्केच टाकलं. बोल्टसाठी भोक मोठं केलं तर आत नुसती जाळी. आवळताच तिथून चिरला. पैसे मात्र पूर्ण घेतले."

नमस्कार सर,

आधी आमची चूक. कुंडी टांगायचा तुमचा हात 3D प्रिंटरवर छापताना इन्फिलचं, म्हणजे आतल्या जाळीचं, सेटिंग बदललं, तेव्हा तुम्हाला फोन करायला हवा होता, आणि प्लास्टिक कमी लागलं तर बिलही कमी व्हायला हवं होतं. फरकाची रक्कम आजच परत पाठवतोय.

बदल मात्र विचार करून केला होता. ग्रिलपासून पुढे आलेल्या हातावर कुंडी टांगली की त्याची वरची कड ताणली जाते आणि खालची दाबली जाते. मधल्या भागावर फारसा ताण येतच नाही. तुमचा हात 20 मिमी उंच आहे. तो पूर्ण भरीव धरला, तरी वाकण्याला होणाऱ्या विरोधात मधल्या 10 मिमीचा वाटा जेमतेम आठवा असतो. वर-खाली 0.45 मिमीच्या दोन-दोन भिंती, म्हणजे कडेच्या भरीव रेघा, दिल्या तर त्यांचा वाटा साधारण पाव, आणि पाच-पाच दिल्या, म्हणजे 2.25 मिमी, तर निम्म्याहून जास्त. शिवाय भिंतीची रेघ हाताच्या लांबीभर सलग जाते. इन्फिलच्या रेघा तिरप्या असतात आणि भिंतीपाशी संपतात. म्हणून स्लायसरमध्ये, म्हणजे छपाईच्या रेघा आखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, `Wall loops` म्हणजे भिंतींची संख्या 2 ची 5 केली आणि इन्फिल उतरवलं.

आता चिरण्याबद्दल. भोकाभोवतीही त्याच पाच भिंती होत्या. 4 मिमीचं भोक तुम्ही 8 चं बिट लावून मोठं केलंत, तेव्हा चहूबाजूंनी 2 मिमी कापलं गेलं. उरली जेमतेम पाव मिमीची साल, म्हणून जाळी दिसली. बोल्ट आवळल्यावर सगळा दाब त्या जाळीवर आला. दोन भिंती आणि 60 टक्के इन्फिल असतं, तर भिंती पहिल्या 0.9 मिमीतच संपल्या असत्या. ड्रिल मारू नका, हे आम्ही पार्सलवर लिहायला हवं होतं.

भिंती वाढवल्या की सगळंच भागतं असं नाही. थर एकमेकांपासून सुटतील अशा दिशेने ओढ असेल, तर त्या फारशा कामी येत नाहीत. म्हणूनच तुमचा हात आडवा झोपवून छापला होता. एखादा ठोकळा वरून चेपला जाणार असेल, तर तिथे इन्फिल वाढवावंच लागतं.

नवा हात आम्ही विनामूल्य छापून देतो, 8 मिमीचं भोक ड्रॉइंगमध्येच धरून. मग भोकाच्या वर आणि खाली प्रत्येकी 6 मिमी उरेल आणि त्यातली 4.5 मिमी भिंतच असेल. बोल्टखाली रुंद वॉशर लागेल, तोही देऊ. धायरीच्या वर्कशॉपवर येताना चिरलेला हात आणि तो बोल्ट तेवढा घेऊन या. भोकाचं माप बोल्टवरूनच घेऊ.