मिश्रणाची घनता? बेरीज करा, दोनाने भागा, मोकळे व्हा!

परवा मुलीचा चाचणीचा पेपर घरी आला. 1.2 आणि 0.8 ग्रॅम प्रति घनसेंमी घनतेचे दोन द्रव समान वस्तुमानात मिसळले, तर मिश्रणाची घनता किती? तिने लिहिलं 0.96. त्यावर लाल फुली आणि शेजारी सरांच्या टपोऱ्या अक्षरात 1.0. माझे तर डोळेच उघडले. म्हटलं, ही विद्या सगळ्यांपर्यंत पोचायला हवी.

तर सगळ्यात आधी, प्रश्न शेवटपर्यंत वाचू नका. ‘समान’ दिसलं की थांबायचं. पुढे वस्तुमान आहे की आकारमान, या भानगडीत कशाला पडायचं? पडलात तर काय होतं बघा. दोन्ही द्रव 120-120 ग्रॅम घेतले, की जड द्रव 100 घनसेंमी जागा घेतो आणि हलका 150. भांड्यात हलक्याचाच पसारा जास्त, त्यामुळे मिश्रण त्याच्याकडे झुकतं. एकूण 240 ग्रॅम, 250 घनसेंमी, म्हणजे 0.96. दोन्ही 100-100 घनसेंमी घेतले असते, तर 120 आणि 80 मिळून 200 ग्रॅम, 200 घनसेंमी आणि घनता बरोब्बर 1.0. म्हणजे ती लाडकी सरासरी फक्त आकारमान समान असतानाच चालते! हे पाचवीतल्या भागाकाराने कळतं हो! पण नाही, उत्तरसूचीत छापलंय ना, मग झालं.

विशिष्ट गुरुत्वाला एकक आवर्जून लावा. पाण्याच्या घनतेने भागल्यावर ग्रॅम आणि घनसेंमी दोन्ही उडून जातात, पण एकक दिसलं की उत्तराला वजन येतं.

तेल आणि पाण्याचीही ‘मिश्रणाची घनता’ काढा. हायड्रोमीटर वरच्या तेलातच तरंगत बसला तर दोष त्याचा.

आणि 50 मिली पाण्यात 50 मिली इथेनॉल ओतून बिनधास्त 100 मिली लिहा. मोजपात्रात 96-97 दिसले तर मोजपात्र बदला. पाण्याचे आणि इथेनॉलचे रेणू परस्परांना ओढून जवळ बसतात, तो त्यांचा आगाऊपणा. 20 अंश सेल्सिअसला दोघांचं वस्तुमान मिळून साधारण 89.4 ग्रॅम. तुमच्या हिशेबाने घनता 0.894, प्रत्यक्षात 0.927 च्या आसपास. असू दे.

नाही, असू दे कसं? वस्तुमानांची बेरीज कायम जुळते. आकारमानांची जुळेलच असं नाही, म्हणून गणितात ‘मिसळताना आकारमान बदलत नाही’ हे छापावं लागतं. ते तुम्ही छापत नाही. घनतांची बेरीज तर मुळात करायचीच नसते, ती तुम्ही बिनदिक्कत करता आणि वर पोरीचे दोन गुण कापता! सर, ती फुली खोडा. 240 भागिले 250, एकदा स्वतःच्या हाताने करून बघा.