ठिपका छर्ऱ्याला ओढून नेत नाही

"स्कोपचा जमाना गेला. रेड डॉटला पॅरलॅक्स नसतो, जिथं ठिपका तिथं गोळी. एकदा झिरो केला की कुठल्याही अंतरावर चालतो. स्कोप लावला की हात जास्त थरथरतो. शिकारी असो, टार्गेटवाला असो की नवशिका, सगळ्यांना रेड डॉटच बरा. ऑलिंपिकमध्येही आता तेच वापरतात."

बंदुकीवरच्या दुर्बिणीला, म्हणजे स्कोपला, नावं ठेवून काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या रेड डॉट साइटची तारीफ करणारा हा मजकूर दोन-तीन ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला होता. मग तो भाच्यानं पाठवला, खाली "मामा, मागवलाय" असं लिहून. पोरगं नुकतंच क्लबात दहा मीटर एअर रायफल शिकायला लागलंय. म्हणून हे लिहिणं आलं.

ऑलिंपिकचं आधी उरकून टाकू, कारण तिथं वाद घालायलाही जागा नाही. आयएसएसएफ या नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं नियमपुस्तक कुणालाही वाचता येतं. रायफलच्या भागात स्पष्ट लिहिलंय की भिंग किंवा भिंगांची जुळणी असलेली साइट चालत नाही. पिस्तुलाच्या भागात तर फक्त उघड्या साइटला परवानगी आहे, आणि दुर्बीण, आरसा, लेझर, इलेक्ट्रॉनिक ठिपका ही सगळी नावं घेऊन त्यांना मनाई केली आहे. दुर्बीण चालते ती रनिंग टार्गेट प्रकारात, आणि तो 2004 नंतर ऑलिंपिकमध्ये राहिलेलाच नाही. थोडक्यात, ऑलिंपिकचा रायफल नेमबाज पीप साइटच्या बारीक भोकातून बघतो. रेड डॉट लावून तो स्पर्धेला गेला तर उपकरण तपासणीतच अडकेल.

आता पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलला की ठिपका निशाणावरून सरकणं. यात अर्धं खरं आहे आणि ते मी नाइलाजानं मान्य करतो. बहुतेक रेड डॉटचा ठिपका खूप लांबच्या अंतरासाठी जुळवलेला असतो. डोळा काचेच्या मध्यावरून बाजूला सरकला तर नेमाची रेषा साधारण तेवढीच बाजूला सरकते. काच वीस मिलिमीटरची असेल तर डोळा अगदी कडेला नेल्यावर चूक होते जास्तीत जास्त दहा मिलिमीटर. शंभर मीटरवर दहा मिलिमीटरचं कुणाला काय? पण भाचा शंभर मीटरवर मारत नाही, दहावर मारतो. तिथल्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पुढची वर्तुळं प्रत्येक बाजूला अडीच-अडीच मिलिमीटरनं मोठी होत जातात. म्हणजे नुसता गाल दस्त्यावर चुकीचा टेकला की दहाचे सहा-सात होतात, आणि पोरगं समजतं की ट्रिगर चुकला.

हे घरी तपासता येतं. रायफल रिकामी आहे याची खात्री करा, ती वाळूच्या पिशवीवर घट्ट बसवा आणि दहा मीटरवर कागदावर एक बारीक खूण करा. ठिपका खुणेवर आणा. मग रायफलला हात न लावता डोकं हळूहळू डावीकडे-उजवीकडे, वर-खाली न्या. ठिपका खुणेवरून सरकताना दिसेल. हाच पॅरलॅक्स.

स्कोपवाल्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. शंभर मीटरला पक्का केलेला, पुढची काच बत्तीस मिलिमीटरची असलेला साधा स्कोप दहा मीटरवर याहून वाईट, चौदा मिलिमीटरपर्यंत चुकू शकतो, वर चित्रही धूसर दिसतं. इतक्या जवळ स्कोप लावायचाच असेल तर दहा मीटरपर्यंत फोकस खाली आणता येणारा घ्यावा लागतो. डबा उघडण्याआधी ते आकडे वाचा.

ठिपक्याचा आकार हा दुसरा घोळ. रेड डॉटवर "३ एमओए" असं काहीतरी लिहिलेलं असतं. हे कोनाचं माप, एक एमओए म्हणजे शंभर मीटरवर साधारण 29 मिलिमीटर. तीनचा ठिपका तिथं जवळजवळ नऊ सेंटीमीटर झाकतो आणि दीडशे मीटरवर तेरा. मध्यम आकाराच्या हरणाच्या काळीज-फुफ्फुसांच्या जागेचा बराच भाग त्याखाली झाकला जातो.

पण शिकारीत खरा धोका ठिपक्याचा नाही, ठिपक्यामागं काय आहे ते न दिसण्याचा आहे. आणि या मजकुरातलं सर्वांत वाईट वाक्य मला तेच वाटतं, "शिकारी असो". रेड डॉट काही मोठं करून दाखवत नाही. दीडशे मीटरवरचं जनावर दीडशे मीटरवरच राहतं. चारपट स्कोपमधून ते अडतीसेक मीटरवर असल्यासारखं दिसतं. तेव्हा कळतं की ते आडवं उभं नाही, तिरकं आहे. पुढच्या पायावर गवताची जाड काडी आडवी आली आहे. मागं दुसरं पिल्लू आहे. संध्याकाळी तर फरक आणखी वाढतो. ठिपका परावर्तित करायचा म्हणून रेड डॉटच्या काचेवर लेप असतो, त्यात थोडा उजेड जातो. शिवाय ठिपका जरा जरी जास्त उजळ ठेवला तर अंधुक जनावर त्याच्या झगमगाटात गडप होतं. जखमी होऊन पळालेलं जनावर रात्रभर कुठंतरी तडफडतं, याची जबाबदारी मजकूर पाठवणारा घेणार आहे का?

दाट झाडीत, तीस-चाळीस मीटरवर, हाकाऱ्यातून धावत सुटलेल्या रानडुकरासाठी मात्र रेड डॉट स्कोपपेक्षा सरस आहे. दोन्ही डोळे उघडे राहतात, डोळा भिंगापासून अमुक अंतरावरच हवा अशी सक्ती नाही, आणि भुवईला स्कोपचा दणकाही बसत नाही. स्वीडनच्या एमपॉइंटनं 1975 साली अशी साइट बाजारात आणली आणि युरोपातल्या डुक्कर-शिकाऱ्यांनी ती उगीच उचलून धरलेली नाही. धावत, वळत मारायच्या आयपीएससी स्पर्धांतही तिचं राज्य आहे.

झिरो करणं म्हणजे एका ठराविक अंतरावर ठिपका आणि गोळी जुळवून घेणं, त्याबद्दल एकच सांगतो. पन्नास मीटरवर झिरो केलेली साधी पॉइंट टू टू शंभर मीटरवर पंधरा सेंटीमीटरहून जास्त खाली मारते. ठिपक्याला ते माहीत नसतं.

हात थरथरण्याचं म्हणाल, तर हात तेवढाच थरथरतो, स्कोप तो फक्त दाखवतो. नवशिका मात्र ते बघून घाबरतो आणि क्रॉस मध्यावर येताक्षणी ट्रिगर खेचतो, हे खरं आहे. उपाय सोपा आहे, पट कमी करा. तीन-चारपटीवर शिकावं. आणि स्कोपला दुर्बीण समजून इकडेतिकडे बघत फिरू नये, नळीही तिकडेच वळते.

आता भाच्याची गोष्ट. पार्सल आलं आणि तासाभरात फोन. "मामा, डिफेक्टिव्ह पीस आलाय. ठिपका स्वल्पविरामासारखा दिसतो, शेपूट आहे त्याला." मी म्हटलं, मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघ. कॅमेऱ्यात ठिपका छान गोल होता. म्हणजे दोष साइटमध्ये नव्हता, पोराच्या डोळ्यात होता. मग पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडून त्यातून बघायला लावलं. शेपूट बरीच आखडली. पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सिलिंडरचा नंबर काढला, जो आजवर कुणाच्या लक्षात आला नव्हता.

क्लबच्या रायफलवरची पीप साइट हेच टाचणीच्या भोकाचं काम करते, म्हणून तिथं त्याला कधी काही जाणवलं नव्हतं. रेड डॉट आता खोक्यात आहे. कॅमेऱ्यातून काढलेला गोल ठिपक्याचा फोटो त्यानं ग्रुपवर टाकला, तर खाली लगेच कुणीतरी लिहिलं: "बघा, किती स्पष्ट दिसतो."